कुत्र्यामांजरांचे वेलनेस प्लॅन: न्यू जर्सीतल्या मराठी घरांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एका पशुवैद्यकीय दवाखान्याच्या काउंटरवर काम करते. डॉक्टर नाही, प्लॅनचे कागद भरून घेणं, बिलं समजावून सांगणं आणि ‘अहो, पण हे तर प्लॅनमध्ये होतं ना?’ या प्रश्नाला दिवसातून चार वेळा उत्तर देणं हे माझं काम. मराठी घरांकडून फोनवर आणि मेसेजवर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डॉलरचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या दवाखान्याचे दर वेगळे असतील.

१. वेलनेस प्लॅन म्हणजे कुत्र्याचा विमाच ना?

नाही. विमा हा होईल की नाही हे माहीत नसलेल्या खर्चासाठी असतो: पाय मोडला, मोजा गिळला, कावीळ झाली. वेलनेस प्लॅनमध्ये होणारच असलेला खर्च येतो: लशी, वार्षिक तपासणी, शीची तपासणी, हार्टवर्मची रक्ततपासणी. तो खर्च बारा हप्त्यांत वाटून घ्यायचा, एवढंच.

प्लॅन दोन प्रकारचे असतात आणि पुढची बरीच उत्तरं तुमचा प्रकार कोणता यावर अवलंबून आहेत. पहिला दवाखान्याचा प्लॅन: बॅनफिल्डसारख्या साखळी दवाखान्यांचा असतो, काही छोट्या दवाखान्यांचाही असतो. सेवा त्याच दवाखान्यात घ्यायच्या, बिलात त्या शून्य दिसतात. दुसरा विमा कंपनीचा वेलनेस रायडर: कुठल्याही डॉक्टरकडे जा, आधी पैसे भरा, मग पावती पाठवून ठरलेली रक्कम परत घ्या.

अमेरिकेतल्या राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने २०२२ मध्ये एक नमुना कायदा केला. वेलनेस कार्यक्रम ‘विमा’ म्हणून विकू नये आणि विमा हवा असेल तर वेलनेस घेच अशी सक्ती करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अनेक राज्यांनी त्याच धर्तीवर कायदे केले आहेत. तेव्हा फोनवर कोणी ‘दोन्ही एकच आहे’ म्हणालं, तर ते लेखी मागा.

२. पिल्लाच्या प्लॅनमध्ये नेमक्या कोणत्या लशी असतात?

दोन लशी जवळपास सगळीकडे असतात. पहिली डिस्टेंपर-पार्वोची एकत्रित लस, बिलावर ती DHPP किंवा DA2PP अशी दिसते. ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत देतात. दुसरी रेबीज, म्हणजे कायद्याची लस.

लेप्टोस्पायरोसिस, लाइम आणि केनेल कफ (बिलावर Bordetella) या लशींबाबत प्रत्येक प्लॅनचं धोरण वेगळं असतं. लेप्टो आणि लाइम यांचे सुरुवातीला दोन-दोन डोस, मग दरवर्षी एक. आपल्या भागात हरणं परसात येतात आणि त्यांच्याबरोबर गोचीडही, त्यामुळे इथले डॉक्टर लाइमची लस सुचवतातच. पण स्वस्त प्लॅनमध्ये नेमकी तीच नसते. केनेल कफची लस बोर्डिंगवाले मागतात. दिवाळीत किंवा डिसेंबरात कुत्र्याला ठेवून कुठे जाणार असाल, तर ती आहे का हे आधी बघा.

पत्रकात ‘सर्व आवश्यक लशी’ असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. करारात लशीचं नाव आणि पुढे वर्षातून किती डोस, हे दोन रकाने शोधा. दुसरा रकाना किती महत्त्वाचा आहे ते प्रश्न ८ मध्ये कळेल.

३. आमची मनी घराबाहेर जातच नाही. तिला एवढ्या लशी कशाला?

मांजरासाठी मुख्य लशी दोन: एकत्रित लस, जी बिलावर FVRCP अशी दिसते, आणि रेबीज. घरातल्या मांजरालाही रेबीज द्यायला डॉक्टर सांगतात, कारण वटवाघूळ माळ्यावरून आत येतं आणि मनी त्याच्यावर झडप घालते. इथे हे खरंच घडतं. ल्युकेमियाची म्हणजे FeLV ची लस पिल्लांना देतात. पुढे मांजर घरातच राहणार असेल, तर बहुतेक वेळा ती थांबवतात. पण प्लॅनच्या यादीत ती दरवर्षी असते. मोठ्या मांजराचा प्लॅन घेताना ‘न लागणाऱ्या’ गोष्टी वजा करून बेरीज करा.

४. पुण्यात आम्ही दरवर्षी ‘नाइन-इन-वन’ द्यायचो. इथे तीन वर्षांनी म्हणतात. मग प्लॅन दरवर्षी कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. पिल्लाचे डोस संपल्यावर वर्षाच्या आत एक बूस्टर, मग डिस्टेंपर-पार्वोची लस दर तीन वर्षांनी, अशी इथली शिफारस आहे. रेबीजचंही तसंच: पहिली लस एका वर्षाची धरतात, पुढची तीन वर्षांची देता येते. लेप्टो, लाइम आणि केनेल कफ मात्र दरवर्षी. नाइन-इन-वनमध्ये लेप्टो इतर लशींबरोबर एकत्रच असायची, म्हणून सगळंच दरवर्षी व्हायचं.

याचा अर्थ असा, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्लॅनच्या यादीतल्या लशींपैकी निम्म्या तुमच्या कुत्र्याला लागणारच नाहीत. हप्ता मात्र तोच असतो. न लागलेल्या लशीचं काय होतं, ते प्रश्न ९ मध्ये.

५. वेटिंग पिरियड किती असतो? आज प्लॅन घेतला तर उद्या लस मिळेल का?

दवाखान्याच्या प्लॅनमध्ये सहसा मिळते. पहिला हप्ता भरला की त्याच दिवशी सेवा सुरू. काही दवाखाने दातांच्या सफाईसारखी महागडी सेवा पहिले काही महिने देत नाहीत, कारण ती घेऊन लोक पसार होतात. विमा कंपनीच्या रायडरमध्ये पॉलिसी सुरू झाल्याची तारीख बघावी लागते. अर्ज भरल्याची तारीख आणि ती एकच नसते.

गोंधळ होतो तो विम्याच्या वेटिंग पिरियडमुळे. आजारपणासाठी विमा कंपन्या बऱ्याचदा १४ दिवस थांबवतात. गुडघ्याच्या लिगामेंटसारख्या तक्रारींसाठी त्याहून जास्त. नमुना कायद्यात ही मर्यादा ३० दिवसांची आहे आणि अपघातासाठी वेटिंग लावूच नये असं म्हटलं आहे. पण आपल्या राज्यात नेमका नियम काय आहे ते पॉलिसीतच वाचावं लागतं. हे सगळं विम्याचं झालं. वेलनेसच्या लशीला ते लागू नाही.

आणखी एक वाट पाहणं शरीराचं असतं. पहिली रेबीज दिल्यावर कुत्रा २८ दिवसांनी संरक्षित धरला जातो. ‘काल लस दिली, आज सर्टिफिकेट द्या, परवा बोर्डिंग आहे’ असे फोन येतात. सर्टिफिकेट मिळतं, बोर्डिंगवाला घेत नाही. त्यात प्लॅनचा दोष नसतो.

६. तपासणी प्लॅनमध्ये आहे, तरी मला १८० डॉलरचं बिल कसं आलं?

जवळपास दर आठवड्याला ऐकू येणारी तक्रार. वार्षिक तपासणीला आलात आणि जाताजाता म्हणालात, ‘डॉक्टर, दोन दिवस उलट्याही करतोय.’ त्या क्षणी भेटीचा प्रकार बदलला. तपासणीची फी प्लॅनमध्ये गेली, पण एक्स-रे, उलटीचं इंजेक्शन आणि औषधं ही उपचारात मोडतात, आणि उपचार प्लॅनच्या बाहेर. काही प्लॅन यावर पाच-दहा टक्के सूट देतात, तेवढीच.

म्हणून आजार लपवू नका, पण आधी विचारा: ‘यातलं प्लॅनमध्ये काय आणि बाहेर काय? अंदाजपत्रक द्या.’ आम्ही ते छापून देतो, फक्त कोणी मागत नाही.

सहसा बाहेर असणाऱ्या बाकीच्या गोष्टी: रात्रीची इमर्जन्सी, गोचीड-पिसवांची महिन्याची गोळी (काही महाग प्लॅनमध्ये असते), सफाई करताना काढावा लागलेला दात, प्रवासाचं हेल्थ सर्टिफिकेट (प्रश्न १४), गावच्या परवान्याची फी.

७. लस प्लॅनमधली होती, ती दिल्यावर तोंड सुजलं. तो खर्च तरी प्लॅनमध्ये येईल ना?

येत नाही. लस हा प्रतिबंध, सूज हा उपचार. चेहरा सुजणं आणि अंगावर गांधी उठणं बहुधा लसीनंतर काही तासांतच दिसतं. धाप लागली किंवा कुत्रा कोसळला, तर फोन करत बसू नका, सरळ गाडीत घाला. विमा असेल तर हा खर्च तिकडे मागून बघा. पुढच्या वेळी डॉक्टर लशी एकाच दिवशी न देता दोन-तीन भेटींत विभागतात. तेव्हा प्लॅनमध्ये भेटींची मर्यादा आहे का, हे विचारायची वेळ येते.

८. उरलेले फायदे पुढच्या वर्षी जातात का?

जात नाहीत. दवाखान्याचा प्लॅन असो की रायडर, शेवटच्या दिवशी जे उरलं ते संपलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन वर्षाचा नवा कोटा सुरू. अपवाद करारात लिहिलेला असेल तरच असतो. ‘काउंटरवरच्या बाई म्हणाल्या होत्या चालेल’ हे कोणी मोजत नाही, आणि त्या बाई मीच असले तरी मोजत नाही.

लोक फसतात ते एका वेगळ्याच गोष्टीत. प्लॅनचं वर्ष तुम्ही सही केलेल्या तारखेपासून चालतं, आणि लशीचं वर्ष शेवटच्या डोसपासून. ही दोन वर्षं क्वचितच जुळतात.

समजा, लाडू १० जानेवारीला जन्मला. ७ मार्चला, आठ आठवड्यांचा असताना, पहिला डोस दुसरीकडे झाला. तुम्ही १० मार्चला प्लॅन घेतला. पुढचे डोस ४ एप्रिल आणि २ मे. रेबीजही २ मेला. प्लॅनचं वर्ष संपणार ९ मार्चला आणि बूस्टरची तारीख २ मे. म्हणजे बूस्टर दुसऱ्या वर्षाच्या प्लॅनमध्ये पडलं. पहिल्या वर्षानंतर बंद करायचा विचार असेल, तर बूस्टरचा खर्च खिशातून. काही जण डॉक्टरांना विचारून डिस्टेंपर-पार्वोचं बूस्टर फेब्रुवारीतच घेतात. बूस्टर ‘वर्षाच्या आत’ असल्याने वैद्यकीयदृष्ट्या ते बसतं. फक्त यादीत त्या लशीचा डोस शिल्लक हवा.

आता न्यू जर्सीची खास अडचण. कुत्रा सात महिन्यांचा झाला की गावाचा परवाना काढावा लागतो, आणि परवान्याच्या बारा महिन्यांपैकी किमान दहा महिने रेबीज लस चालू असावी लागते. ज्या गावांत परवाना जानेवारी ते डिसेंबर असतो, तिथे लस १ नोव्हेंबरपर्यंत चालू हवी. लाडूची पहिली रेबीज २ मेला संपते, म्हणून जानेवारीत क्लार्क परवाना नूतन करणार नाही. रेबीजचं बूस्टर जानेवारीतच घ्यावं लागेल. पण पिल्लाच्या प्लॅनमध्ये रेबीजचा बहुधा एकच डोस असतो आणि तो २ मेला वापरून झालेला. पुढच्या कोट्यातला डोस आधी मिळत नाही. जसं मागचं पुढे जात नाही, तसं पुढचंही मागे येत नाही.

यावर फुकटचा उपाय आहे. न्यू जर्सीतल्या अनेक गावांत महापालिकेचे मोफत रेबीज लसीकरणाचे दिवस असतात, बरेचसे हिवाळ्यात, फायर हाउसच्या आवारात. पहिल्या लशीचं सर्टिफिकेट बरोबर न्या, म्हणजे ही लस बूस्टर म्हणून नोंदली जाईल. कुत्र्याला पट्टा, मांजराला पिंजरा.

९. यंदा रेबीज लागणार नाही. तिचे पैसे हप्त्यातून कमी होतील का?

नाही, आणि तिच्याऐवजी दुसरी लसही आपोआप मिळत नाही. रायडरमध्ये तर प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र मर्यादा असते: लशींना इतके डॉलर, शीच्या तपासणीला इतके. एका खान्यातलं उरलेलं दुसऱ्यात टाकता येत नाही. काही रायडर मात्र सगळ्यासाठी मिळून एकच रक्कम देतात. मोठ्या कुत्र्याला तो प्रकार परवडतो. काही दवाखाने रेबीजऐवजी लाइम अशी अदलाबदल करून देतात. विचारायला पैसे पडत नाहीत, पण नूतनीकरणाच्या आधी विचारा.

‘फुकट जाऊ नये म्हणून देऊन टाका’ असंही लोक म्हणतात. चालू असलेली तीन वर्षांची लस कोटा संपवायला पुन्हा टोचणं बरोबर नाही, आणि आमचे डॉक्टर ते करत नाहीत.

१०. दात साफ करायचे राहून गेले आणि वर्ष संपलं. काही करता येईल?

वर्ष संपल्यावर फारसं काही नाही. संपायच्या आधी बरंच. मोठ्या कुत्र्याच्या प्लॅनमधली सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे भूल देऊन दातांची सफाई, आणि राहून जाते तीच. आमच्याकडे एक नऊ वर्षांचा बीगल अकराव्या महिन्यात सफाईला आला. भुलेआधीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले, डॉक्टरांनी सहा आठवडे पुढे ढकललं, तोवर प्लॅन संपला. ‘तुमच्याच डॉक्टरांनी थांबवलं ना?’ हा त्या काकांचा मुद्दा मला पटत होता, पण करारात तसं काही नव्हतं.

म्हणून सफाई सहाव्या-सातव्या महिन्यात ठरवा. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने पुढे ढकलली, तर त्याच दिवशी मॅनेजरला ईमेल करून मुदतवाढ मागा. मुदतीच्या आत आलेल्या ईमेलवर मॅनेजरला काही करता येतं. नंतरच्या फोनवर माझ्यासारखीला फक्त ऐकून घेता येतं.

११. प्लॅन मध्येच बंद केला तर उरलेले हप्ते वाचतील?

हप्ता महिन्याचा असला तरी करार बहुधा वर्षाचा असतो. बऱ्याच दवाखान्यांचा नियम असा: उरलेले हप्ते, किंवा घेतलेल्या सेवांची मूळ किंमत वजा भरलेले पैसे, यातलं जे कमी असेल ते भरा.

लाडूचं गणित करू. हप्ता ४५ डॉलर, म्हणजे वर्षाचे ५४०. या दवाखान्यात डिस्टेंपर-पार्वोचे तीनही डोस झाले असं धरू. पाच महिन्यांत तीन तपासण्या ६५ प्रमाणे १९५, ते तीन डोस ४२ प्रमाणे १२६, रेबीज ३०, लेप्टोचे दोन डोस ९०, शीच्या दोन तपासण्या ८०. एकूण ५२१. भरले २२५. फरक २९६, उरलेले सात हप्ते ३१५. कमी रक्कम २९६, ती भरून सुटका. अकरा हप्त्यांनंतर बंद केलं, तर फक्त २६.

पिल्लाच्या वर्षात सगळा खर्च पहिल्या दोन महिन्यांत होतो, म्हणून लवकर बंद करून फारसं काही वाचत नाही. मोठ्या कुत्र्याने काहीच वापरलं नसेल, तर मात्र बंद करायला काही पडत नाही; भरलेले हप्ते तेवढे परत मिळत नाहीत.

प्लॅन आपोआप नूतन होतो, हेही विसरू नका. नको असेल तर मुदतीच्या आधी लेखी कळवावं लागतं, आणि बहुतेकांना हे तेराव्या हप्त्याला समजतं.

१२. रायडरमध्ये लस डिसेंबरात घेतली, पावती जानेवारीत पाठवली. कोणत्या वर्षात धरतील?

लस दिल्याच्या तारखेवरून, म्हणजे जुन्या वर्षात. पण पावती पाठवायचीही मुदत असते आणि ती कंपनीगणिक बदलते. पावतीवर कुत्र्याचं नाव आणि लशीचं नाव वेगळं लिहिलेलं हवं. नुसतं ‘पेट सर्व्हिसेस’ लिहिलेली पावती परत येते.

१३. एफएसए किंवा एचएसएमधून हप्ता भरता येईल?

पाळीव प्राण्यासाठी नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवलेला प्रशिक्षित मदतनीस कुत्रा असेल तरच. एफएसएमधले काही पैसे पुढच्या वर्षी नेता येतात हे नोकरीवाल्यांना माहीत असतं, आणि प्लॅनमध्येही तसंच असेल असा समज बहुधा तिथूनच येतो. त्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये.

१४. लाडूला उन्हाळ्यात नाशिकला नेणार आणि परत आणणार. प्लॅनमध्ये किती होईल?

रेबीज लस आणि कदाचित मायक्रोचिप. हेल्थ सर्टिफिकेट, त्यावरचा अमेरिकी कृषी खात्याचा शिक्का आणि भारताच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं ना-हरकत पत्र हा सगळा खर्च वेगळा.

क्रम मात्र जपा. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणाऱ्या कुत्र्यांचे नियम बदलले आहेत, आणि रेबीजच्या बाबतीत भारत जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. परतीसाठी अमेरिकेतल्या रेबीज लशीचं ठरलेलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर कृषी खात्याचा शिक्का कुत्रा इथून निघण्याआधी घ्यावा लागतो. चिप आधी, लस नंतर. उलट झालं तर ती लस या कामासाठी धरत नाहीत. येताना कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा.

लाडूला २ मेला लस देऊन चिप ‘नंतर बघू’ म्हटलं असेल, तर रेबीज पुन्हा द्यावी लागेल, आणि वर्षातला एकुलता एक डोस संपलेला असल्याने ती खिशातून. पहिल्या लशीनंतर भारतात जायला ३० दिवस थांबावं लागतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे या. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट घेऊन मेच्या शेवटी येणारं एक तरी कुटुंब दरवर्षी असतंच.